दहा हजार कटले, हातात काही नाही

समजा, सातारच्या एका बाईंनी १२ मार्चला संध्याकाळी साडेसात वाजता स्टँडजवळच्या एटीएममधून दहा हजार काढायला कार्ड घातलं. मशीन घरघरलं, पण नोटा बाहेर आल्याच नाहीत. तेवढ्यात मोबाइलवर खात्यातून दहा हजार वजा झाल्याचा मेसेज मात्र आला. एटीएम दुसऱ्याच बँकेचं, खातं आपल्या बँकेचं. आता फोन करायचा, आणि समोरचा हिंदीत बोलणार.

या फोनचं काम एकच आहे, ते म्हणजे तक्रारीचा क्रमांक मिळवणं. पैसे कधी येणार, चूक कुणाची, याची उत्तरं फोनवरच्या मुलाकडे नसतात. तो समोरच्या संगणकावर तक्रार नोंदवतो आणि ती दुसऱ्या विभागाकडे जाते. म्हणून रागाचं भाषण पाठ करण्यापेक्षा सात-आठ वाक्यं नीट बोलता येणं जास्त उपयोगाचं.

फोन लावण्याआधी कार्ड, तो मेसेज, एटीएमची चिठ्ठी निघाली असेल तर ती, आणि कागद-पेन जवळ घ्या. चिठ्ठीवर किंवा मशीनवर एटीएमचा क्रमांक असतो, तो उतरवून ठेवा. फोन ज्या बँकेचं कार्ड आहे तिलाच करायचा, एटीएम कुणाचंही असो. नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच वापरा. इंटरनेटवर शोधून मिळालेला कस्टमर केअरचा नंबर भामट्यांचा असू शकतो, आणि तोही अगदी गोड हिंदीत बोलतो.

बटणं दाबून झाली की माणूस बोलायला येतो.

«नमस्ते, क्या मराठी में बात हो सकती है?»

म्हणजे, मराठीत बोलता येईल का? हे आधी विचारून घ्यावं. पुष्कळदा मराठी बोलणाऱ्या सहकाऱ्याकडे फोन देतात. नाही दिला, तर पुढे चला.

«मेरे खाते से दस हज़ार रुपये कट गए हैं, लेकिन एटीएम से पैसे निकले नहीं। मुझे शिकायत दर्ज करानी है।»

खात्यातून दहा हजार वजा झाले, पण पैसे बाहेर आले नाहीत. मला तक्रार नोंदवायची आहे. सगळी हकीकत दोन वाक्यांत आली. इथे मराठी माणूस सहज ‘तक्रार’ म्हणून जातो. हिंदीत ‘तकरार’ म्हणजे भांडण, बाचाबाची. मुलगा गोंधळणार नाही, पण ‘शिकायत’ किंवा सरळ ‘कंप्लेंट’ म्हटलं की प्रश्नच मिटला. ‘दर्ज कराना’ म्हणजे नोंदवून घेणं, आणि ‘मुझे’च्या जागी ‘मेरे को’ आलं तरी काही बिघडत नाही. मुंबईची हिंदी कॉल सेंटरला पाठ असते.

बिघडतं ते दुसरीकडे. मराठीत ‘तुम्ही’ आदराचं, म्हणून आपल्या तोंडी ‘तुम’ येतं, आणि हिंदीत अनोळखी माणसाला ‘तुम’ म्हणणं उद्धट वाटतं. ‘आप’ म्हणा, ‘बताओ’ऐवजी ‘बताइए’, ‘करो’ऐवजी ‘कीजिए’. समोरचा नोकरीवर बसलेला मुलगा आहे, त्याची मर्जी तेवढ्याने सांभाळली जाते.

«वेरिफिकेशन के लिए अपनी जन्मतिथि और कार्ड के आखिरी चार अंक बताइए।»

हे वाक्य त्याचं. तुम्हीच खातेदार आहात याची तो खात्री करतो आहे. ‘अंक’ म्हणजे आकडे. हे सांगायला हरकत नाही. पण पिन, ओटीपी किंवा कार्डामागचे तीन आकडे त्याने मागितले, तर फोन ठेवा. तक्रार नोंदवायला यातलं काहीही लागत नाही.

आकडे सांगताना एकेक सांगा. आपले ‘एकोणसत्तर’ आणि हिंदीतले ‘उनहत्तर’ यांचा ताळमेळ फोनवर लागत नाही. ‘छह, नौ, दो, ज़ीरो’ असं सुटं सुटं म्हटलं की चूक होत नाही.

«यह बारह मार्च की शाम साढ़े सात बजे की बात है। एटीएम सातारा बस स्टैंड के पास है, दूसरे बैंक का है। एटीएम का नंबर नोट कीजिए।»

१२ मार्चला संध्याकाळी साडेसातला हे घडलं, एटीएम बसस्टँडजवळ, दुसऱ्या बँकेचं, त्याचा क्रमांक लिहून घ्या. तारीख सांगताना ‘कल’ म्हणू नका. हिंदीत ‘कल’ काल आणि उद्या दोन्हींना चालतो, ‘परसों’चंही तसंच. बोलण्याच्या ओघात अर्थ कळतो, पण तक्रारीत तारीख एका दिवसाने चुकली तर तपासणारा माणूस भलत्याच दिवसाची नोंद उघडतो.

«असुविधा के लिए खेद है। सात से दस वर्किंग डेज़ में पैसा आ जाएगा।»

गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, सात ते दहा कामाच्या दिवसांत पैसे येतील. हे वाक्य बरेचदा ऐकायला मिळतं, आणि इथे थांबून बोलायला हवं. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९चं परिपत्रक वेगळं सांगतं. एटीएममधून पैसे निघाले नाहीत आणि खात्यातून वजा झाले, तर बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते स्वतःहून परत जमा करायचे. हे दिवस कॅलेंडरचे, रविवार-सुट्ट्या धरून. त्यापुढे प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. म्हणून शांतपणे म्हणायचं:

«आरबीआई के नियम के अनुसार पाँच दिन में पैसा वापस आना चाहिए। उसके बाद हर दिन के सौ रुपये मिलने चाहिए। कृपया यह बात शिकायत में लिख दीजिए।»

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पाच दिवसांत पैसे परत यायला हवेत, नंतर दिवसाला शंभर. हे तक्रारीत लिहा. ‘कृपया’ म्हटलं तरी वाक्य मऊ पडत नाही. ‘के अनुसार’ म्हणजे प्रमाणे. आपल्या उदाहरणात १२ मार्चनंतरचे पाच दिवस १७ तारखेला संपतात. पैसे २४ मार्चला जमा झाले, तर १८ ते २४ असे सात दिवस उशीर, म्हणजे सातशे रुपये वेगळे यायला हवेत. पासबुकात दहा हजारच दिसले, तर त्या सातशेंसाठी पुन्हा फोन करावा. नियमात ‘स्वतःहून’ असलं तरी मागितल्याशिवाय आठवण होतेच असं नाही.

आता ज्यासाठी फोन केला ते वाक्य:

«शिकायत का नंबर बताइए, मैं लिख रही हूँ। एक बार दोहरा दीजिए।»

तक्रारीचा क्रमांक सांगा, मी लिहून घेते आहे. एकदा परत म्हणा. पुरुष असेल तर ‘लिख रहा हूँ’. त्याला दोहरायला लावायचं, कारण क्रमांक लांब असतो. सोबत तारीख, वेळ आणि त्याचं नाव टिपून ठेवा. नाव विचारायला «आपका शुभ नाम?» एवढं पुरे.

हे वाक्य त्याच्या «और कोई सहायता?» या प्रश्नाच्या आधी बोलायला हवं. अजून काही मदत हवी का, असं विचारून तो फोन संपवायच्या तयारीत असतो, आणि आपण सवयीने ‘नहीं, धन्यवाद’ म्हणून मोकळे होतो. पुन्हा फोन लावला तर नवा माणूस भेटतो आणि सगळी कहाणी पहिल्यापासून.

बँकेकडे गेलेली तक्रार पुढे कशी तपासतात, हे माहीत असलं की नकार आला तरी घाबरायला होत नाही. एटीएमच्या आत प्रत्येक व्यवहाराची नोंद होत असते. तिला ईजे लॉग म्हणतात. नोटा मोजल्या, बाहेर दिल्या, की अडकल्या, हे त्यात उमटतं. दुसरीकडे, मशीनमध्ये भरलेली रोकड आणि उरलेली रोकड यांचा हिशेब जुळवला जातो. बाईंचे दहा हजार बाहेर आलेच नसतील, तर ते त्या हिशेबात जास्तीचे निघतात. गडबड होते ती नोंद आणि रोकड यांचा मेळ न घालता कुणी नुसत्या नोंदीवर निकाल दिला की. तेव्हा असं उत्तर येतं:

«हमारे रिकॉर्ड में ट्रांज़ैक्शन सफल दिख रहा है, इसलिए शिकायत बंद कर दी गई है।»

आमच्या नोंदीत व्यवहार यशस्वी दिसतो, म्हणून तक्रार बंद केली. याला उत्तर ठेवणीतलं हवं:

«मुझे पैसे मिले ही नहीं। ईजे लॉग, कैश का हिसाब और सीसीटीवी फुटेज देखकर दोबारा जाँच कीजिए। मुझे लिखित जवाब चाहिए।»

मला पैसे मिळालेच नाहीत. लॉग, रोकडीचा हिशेब आणि कॅमेऱ्याचं चित्रण बघून पुन्हा तपासा. मला लेखी उत्तर हवं. ‘ही’ने ‘मिले’वर जोर येतो, आपल्या ‘च’सारखा. ‘जाँच’ म्हणजे तपास, ‘लिखित’ म्हणजे लेखी. चित्रण बँका कायमचं जपून ठेवत नाहीत, तेव्हा ही मागणी महिना उलटल्यावर करण्यात अर्थ नाही. ‘पुलिस’ किंवा ‘कोर्ट’ इथे काढू नये. समोरचा त्यावर ठरलेलं वाक्य म्हणतो आणि मुद्दा बाजूला राहतो.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. cms.rbi.org.in वर तक्रार भरता येते, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मात्र लोकपालाकडे जाण्याआधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. फोनवर केलेली तक्रार चालते, पण ती केल्याचा पुरावा दाखवता आला तरच. तो पुरावा म्हणजे तो क्रमांक. नुसतं ‘मी फोन केला होता’ म्हटलं तर कुणी ऐकत नाही. म्हणून फोन ठेवल्यावर क्रमांकाचा मेसेज आला का बघा. आला नाही, तर बँकेच्या ईमेलवर तारीख, रक्कम, एटीएमचा क्रमांक आणि फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक लिहून पाठवून द्या. हा ईमेल मराठीतही लिहायला हरकत नाही.