डिस्चार्जनंतरचे जुलाब

मुलुंडची एक सत्तरीची आजी धरू. न्यूमोनिया झाला, सात दिवस सेफ्ट्रायॅक्सोनची इंजेक्शनं घेतली, बरी होऊन घरी आली. आठवड्याने जुलाब सुरू झाले. दिवसातून सहा वेळा पाण्यासारखं, पोटात कळा, थोडा ताप. घरच्यांना वाटलं, बाहेरचं काही बाधलं असेल. कोपऱ्यावरच्या केमिस्टने जुलाब थांबवायची गोळी दिली. नेमकी इथेच चूक होते.

अँटिबायोटिकने होणारे बहुतेक जुलाब साधे असतात. औषध बंद झालं की थांबतात. पण काहींच्या आतड्यात क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल, म्हणजे सी-डिफ, हा जंतू डोकं वर काढतो. एरवी आतड्यातले इतर जंतू त्याला दाबून ठेवतात. अँटिबायोटिकने ते मेले की याला रान मोकळं मिळतं. तो जी विषं सोडतो, त्यांनी मोठ्या आतड्याला सूज येते. औषध संपल्यावर काही आठवड्यांनीही हे होऊ शकतं. जुलाब दाबून ठेवले तर विष आतच राहतं, म्हणून निदान होईपर्यंत ती गोळी टाळायची.

माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी या संसर्गावरचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध केला. तपासलेल्या बहुसंख्य रुग्णांच्या शौचात हे विष सापडलं नव्हतं. म्हणून अंदाजाने उपचार नकोत, तपासणी हवी.

साधं स्टूल कल्चर हा जंतू शोधत नाही, त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते. नमुना पातळ शौचाचाच हवा. 'जीडीएच' चाचणी जंतू आहे का ते सांगते, टॉक्सिन चाचणी विष आहे का ते. दोन्ही पॉझिटिव्ह आल्या आणि लक्षणंही असली, तर निदान पक्कं. दोन्ही निगेटिव्ह असतील तर कारण बहुधा दुसरं. एक हो, एक नाही, तर पीसीआर करतात. मात्र नुसतं पीसीआर पॉझिटिव्ह असणं पुरेसं नाही, कारण जंतू काहींच्या आतड्यात निमूट राहतो.

आजींच्या दोन्ही चाचण्या पॉझिटिव्ह आल्या. उपचार व्हॅन्कोमायसिन, 125 मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, दहा दिवस, तेही तोंडावाटे. शिरेतून दिलं तर ते आतड्याच्या पोकळीत पोचतच नाही. कॅप्सूल मिळाली नाही तर इंजेक्शनची 500 मिलिग्रॅमची बाटली पाण्यात विरघळवून चार भागांत पाजतात. एक बाटली, एक दिवस. हे डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच करायचं. पोट फुगलं, जुलाब अचानक थांबले आणि रुग्ण मलूल झाला, तर लगेच रुग्णालय गाठायचं.

या जंतूचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत. हात साबणाने धुवावेत, संडास ब्लीचने पुसावा. जुलाब थांबल्यावर पुन्हा तपासणी करू नये, कारण ती काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते. मात्र दोन महिन्यांत जुलाब परतले, तर आधीचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जावं. साधारण पाचांतल्या एकाला हा आजार उलटतो.