शाफ्ट विकत घ्यावा की आपणच करावा?

एखादा सुटा भाग बाहेरून विकत घ्यावा की आपल्याच कारखान्यात करावा, हे ठरवताना एकच प्रश्न उपयोगी पडतो: निर्णय बदलला तर कोणता खर्च बदलेल? बदलणारा तेवढाच खर्च हिशेबात धरायचा. लेखाशास्त्रात त्याला संबद्ध खर्च म्हणतात. कोणताही पर्याय निवडला तरी जो खर्च होणारच आहे, तो कितीही मोठा असला तरी या निर्णयापुरता बाजूला ठेवायचा. नियम सोपा आहे, पण कारखान्याच्या कॉस्टिंग शीटमध्ये दोन्ही प्रकारचे खर्च एकत्र मिसळलेले असतात. चूक होते ती तिथे.

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत शेतीपंप बनवणारा एक लहान कारखाना आहे, असे उदाहरणासाठी समजू. आकडेही उदाहरणापुरतेच आहेत. पंपाला लागणारे महिन्याला ५०० शाफ्ट हा कारखाना एका पुरवठादाराकडून घेतो. जीएसटी वगळता एक शाफ्ट ३४० रुपयांना दारात पोचतो. कारखान्याचा सीएनसी लेथ पहिल्या पाळीत चालतो आणि दुसऱ्या पाळीत बंद असतो. मग शाफ्ट आपणच का करू नयेत, असा विचार पुढे येतो आणि हिशेबनीस कागद मांडतो. स्टीलचा बार १७० रुपये, वीज, इन्सर्ट आणि कूलंट मिळून ३५, मजुरी ६० आणि मजुरीच्या १५० टक्के दराने लावलेला ओव्हरहेड ९० रुपये. एकूण ३५५. बाहेरचा शाफ्ट १५ रुपयांनी स्वस्त दिसतो आणि विषय तिथेच मिटतो.

पण त्या ९० रुपयांत काय आहे? शेडचे भाडे, व्यवस्थापकाचा पगार, विमा, यंत्राचा घसारा. शाफ्ट आत केले म्हणून शेडमालक भाडे वाढवणार नाही. लेथची किंमत तर कधीच देऊन झाली आहे. तो बुडीत खर्च. कर्जाचा हप्ता लेथ चालला तरी जातो आणि धूळ खात पडला तरी जातो. वीजबिलातला मागणी आकारही बहुधा वाढत नाही, कारण तो महिन्यातल्या सर्वोच्च मागणीवर ठरतो आणि दुसऱ्या पाळीत बाकीची यंत्रे बंद असतात. वाढतात ते प्रत्यक्ष जळलेले युनिट, आणि ते ३५ रुपयांत आलेच आहेत. म्हणजे ९० रुपये खोटे नाहीत. कारखाना ते खरोखर भरतो. फक्त शाफ्ट बाहेरून आणल्याने ते वाचत नाहीत.

ते वगळले की शाफ्ट आत करण्याचा खर्च २६५ रुपयांवर येतो. नगामागे ७५ रुपये, म्हणजे महिन्याला ३७,५०० रुपये वाचतात. फिक्स्चर आणि गेज यांसाठी सुरुवातीला ६० हजार रुपये लागणार असतील, तर तो खर्च संबद्धच आहे, कारण तो अजून झालेला नाही. दोन महिन्यांच्या आत तो भरून निघतो.

ओव्हरहेडच्या दरात आणखी एक खोड आहे. कारखान्याचा स्थिर खर्च महिन्याला ३,६०,००० आणि थेट मजुरी २,४०,००० रुपये असेल, तर दर १५० टक्के येतो. काम घटून मजुरी दोन लाखांवर आली की तोच स्थिर खर्च कमी मजुरीवर वाटला जातो आणि दर १८० टक्के होतो. आता शाफ्टवर ९० ऐवजी १०८ रुपये बसतात आणि तो ३७३ रुपयांचा दिसतो. म्हणजे यंत्रे जितकी रिकामी, तितके आपले काम कागदावर महाग. या कागदावर विसंबून कारखाना एकेक भाग बाहेर देत जातो. दरवेळी उरलेल्या भागांवरचा बोजा वाढतो आणि पुढचा भागही बाहेर देण्याजोगा वाटू लागतो. प्रत्येक निर्णयात बचत दिसते, पण वर्षाअखेर नफा मात्र घटलेला असतो. असे दिसू लागले की ओव्हरहेडचा दर आधी तपासावा.

मजुरीचे ६० रुपये मात्र नीट पाहायला हवेत. दुसऱ्या पाळीसाठी नवा ऑपरेटर आणि मदतनीस ठेवावे लागले आणि त्यांच्यावर महिन्याला ३०,००० रुपये खर्च झाले, तर ५०० शाफ्टवर नगामागे ६० रुपये पडतात. पण हा खर्च नगाबरोबर वाढत-घटत नाही. तो एकरकमी येतो. शेतीपंपांचा खप पावसाळ्यात मंदावतो. समजा एखाद्या महिन्यात २५०च शाफ्ट लागले. मजुरी सोडून एका शाफ्टमागे १३५ रुपये सुटतात (३४० वजा २०५), म्हणजे एकूण ३३,७५०. पगार वजा जाता हाती ३,७५० उरतात. २२३ शाफ्टच्या खाली गेले की बाहेरून घेणेच बरे. याउलट पहिल्या पाळीतलाच पगारी ऑपरेटर रोज काही तास रिकामा असेल आणि काम त्याच वेळेत बसत असेल, तर मजुरी संबद्ध खर्चात येतच नाही आणि आत करण्याचा खर्च २०५ रुपयांवर उतरतो.

आतापर्यंतचा हिशेब लेथ रिकामा आहे, या गृहीतावर उभा आहे. शेजारच्या कारखान्याने जॉबवर्क देऊ केले तर चित्र बदलते. एका शाफ्टला १२ मिनिटे लागतात. ५०० शाफ्टना १०० तास. दुसऱ्या पाळीत महिन्याला २०० तास मिळतात. जॉबवर्कचा दर तासाला ७०० रुपये आणि त्यातला वीज-इन्सर्टचा खर्च २०० असेल, तर तासाला ५०० सुटतात. शाफ्टमधून तासाला पाच नगांचे ६७५ सुटतात, म्हणून शाफ्टच सरस वाटतो. जॉबवर्क १०० तासांचेच मिळाले तर दोन्ही कामे करावीत; पगार जाऊन ८७,५०० रुपये हाती येतात. पण समोरच्याची अट पूर्ण २०० तासांची असेल, तर जॉबवर्कमधून पगार जाऊन ७०,००० आणि शाफ्टमधून ३७,५००. अशा वेळी शाफ्ट बाहेरूनच घ्यावेत. हातचे काम सोडल्याने जी कमाई बुडते, तिला संधी खर्च म्हणतात. त्याची पावती कुठल्याच फाइलमध्ये नसते, म्हणून तो सर्रास सुटतो.

तुलना करताना दोन्ही दर एकाच पायावर आणावे लागतात. कारखान्याला जीएसटीची वजावट मिळत असेल तर करावेगळे दर धरावेत. कंपोझिशन योजनेत ती मिळत नाही, म्हणून तिथे कर हाही खर्चच. पुरवठादार ४५ दिवसांची उधारी देत असेल आणि बारवाला रोख मागत असेल, तर अडकलेल्या पैशावरचे व्याजही मांडावे. बेअरिंग बसते तिथल्या मापात चुकलेला शाफ्ट भंगारात जातो. पुरवठादार असा माल बदलून देतो; आपल्याकडे बार आणि त्यावर झालेले काम दोन्ही फुकट जातात. पहिल्या काही महिन्यांत हे प्रमाण जास्त असणार, हे धरूनच चालावे. शंभरेक शाफ्टची ऑर्डर पुरवठादाराकडे चालू ठेवणे व्यवहाराचे ठरते, कारण पूर्ण तोडलेला पुरवठादार हंगामात जुन्या दराने उभा राहीलच असे नाही.

आणि हा सगळा हिशेब लेथ हाताशी आहे तोवरचा. तो बदलण्याची वेळ आली, शेडचा करार संपला किंवा दुसरी पाळीही भरून नवे यंत्र घ्यायचे झाले, की आतापर्यंत बाजूला ठेवलेला स्थिर खर्च पुन्हा निर्णयावर अवलंबून होतो. तेव्हा नव्या यंत्राची किंमत, त्यावरचे व्याज आणि जागेचे भाडे शाफ्टच्या हिशेबात धरावे लागते, आणि ३४० रुपयांचा बाहेरचा शाफ्ट तेव्हा खरोखरच स्वस्त ठरू शकतो.