पाळी बदलायला कामगाराची सही लागते का?

सोमवारी सकाळी कार्ड पंच करताना नोटीस बोर्डावर चार ओळींचा कागद दिसतो: ‘येत्या गुरुवारपासून टूलरूम विभागातील सर्व कामगारांना तीन पाळ्यांत फिरते काम करावे लागेल. पाळीचा तक्ता सुपरवायझरकडे पाहावा.’ खाली व्यवस्थापकाची सही आणि शिक्का. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कॅन्टीनमध्ये एकच वाक्य फिरू लागतं, “आपली सही न घेता हे असं करताच येत नाही.”

हे वाक्य अर्धं चूक आहे. सही लागत नाही, पण असा कागद गुरुवारपासून अमलात आणता येईलच असंही नाही. आपल्या कामगार कायद्याने मालकाला कामगाराची संमती घ्यायला सांगितलेलं नाही. त्याने सांगितलं आहे ते आधी कळवायला आणि मध्ये ठरावीक दिवस थांबायला. हा फरक न कळल्यामुळे किती तरी चांगली प्रकरणं हातची गेली आहेत.

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘9-अ’ नावाचं कलम होतं. जुने युनियनवाले आजही ‘नाईन-ए ची नोटीस’ असंच म्हणतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आणि तीच तरतूद आता संहितेच्या कलम 40 मध्ये आहे. त्यात म्हटलं आहे की, तिसऱ्या अनुसूचीतल्या एखाद्या विषयाबाबत कामगाराच्या सेवाशर्ती बदलायच्या असतील, तर ज्यांच्यावर परिणाम होणार आहे त्या कामगारांना विहित नमुन्यात नोटीस द्यावी आणि नोटिशीनंतरच्या 21 दिवसांत बदल करू नये. अनुसूचीतले दोन विषय आपल्या कामाचे आहेत. पहिला, कामाचे तास आणि विश्रांतीची वेळ. दुसरा, पाळीपद्धत सुरू करणं, बदलणं किंवा बंद करणं, मात्र ‘स्थायी आदेशांना धरून नसेल तर’.

सगळी ग्यानबाची मेख या शेवटच्या तुकड्यात आहे.

स्थायी आदेश म्हणजे कारखान्याचे कामाचे नियम, अधिकाऱ्याने तपासून मंजूर केलेले. हजेरी, रजा, गैरवर्तन, पाळ्या हे सगळं त्यात असतं. केंद्राच्या जुन्या नमुना स्थायी आदेशांत पाळ्यांबद्दल असं कलम होतं की, एकाहून जास्त पाळ्या चालवणं हे मालकाच्या मर्जीवर असेल आणि पाळ्या चालत असतील तर कामगाराला एका पाळीतून दुसऱ्या पाळीत बदलता येईल. तुमच्या कारखान्याच्या आदेशांत असं वाक्य असेल, तर पहिल्या पाळीतून रातपाळीत टाकणं हा बदल ‘स्थायी आदेशांना धरून’ होतो. मग 21 दिवसांची नोटीस लागत नाही, आणि सही तर नाहीच नाही.

दोन माणसं घेऊन पाहू. समजा, चाकणजवळच्या एका कारखान्यात 340 कामगार आहेत. प्रेस शॉप पहिल्या दिवसापासून तीन पाळ्यांत चालतं: सकाळी 7 ते 3, 3 ते 11 आणि रात्री 11 ते 7. टूलरूम मात्र कायम जनरल पाळीत, 9 ते साडेपाच, मध्ये अर्धा तास जेवण. कारखान्याच्या मंजूर स्थायी आदेशांत लिहिलं आहे की, प्रेस शॉप आणि हीट ट्रीटमेंट या विभागांत पाळ्या असतील आणि तिथल्या कामगारांना पाळी बदलून दिली जाईल. टूलरूमचा उल्लेख नाही.

प्रेस शॉपमधल्या गणेशला मुलाच्या शाळेसाठी पहिली पाळी सोयीची आहे. दोन वर्षं त्याला तीच मिळाली, कारण जुना सुपरवायझर समजूतदार होता. नवा साहेब आला आणि तक्ता फिरू लागला. गणेशचं म्हणणं आहे, ‘माझी पाळी बदलली.’ कायद्याच्या भाषेत त्याची पाळी बदललेलीच नाही. फिरत्या पाळीत काम करण्याची अट त्याच्या नोकरीला पहिल्यापासून जोडलेली होती, ती फक्त वापरली जात नव्हती. सवलत हा हक्क झाला असं दाखवणं फार अवघड असतं. त्याने साहेबांना भेटून अडचण सांगावी, अर्ज द्यावा. भांडण मांडायला त्याच्याकडे पाया नाही.

टूलरूममधल्या सुरेशची गोष्ट वेगळी. अकरा वर्षं तो जनरल पाळीत आहे, त्याच्या विभागात पाळ्या नव्हत्याच आणि स्थायी आदेशही तिथे पाळ्या आणू देत नाहीत. त्याच्यासाठी ही पाळीपद्धतीची सुरुवात आहे. सोमवारी कागद आणि गुरुवारी अंमल, म्हणजे मध्ये तीन दिवस. हा बदल कलम 40 चा भंग करतो. नोटीस 1 जुलैला दिली तर 22 जुलैपर्यंत थांबावं लागेल, अंमल 23 पासून. आणि पाळ्यांबद्दल युनियनशी झालेला करार अजून चालू असेल, तर आधी त्या कराराकडे पाहावं लागतं. मुदत संपल्यावरही करार समाप्तीची लेखी नोटीस देऊन 60 दिवस होईपर्यंत तो बांधून ठेवतो.

आता तेच नमुना कलम, ‘एकाहून जास्त पाळ्या चालवणं मालकाच्या मर्जीवर’, या कारखान्याच्या आदेशांत असतं तर? मग सुरेशची बाजू बरीच लंगडी झाली असती. म्हणून मी सगळ्यांना आधी एकच विचारतो, स्थायी आदेशांची प्रत वाचली का? बहुतेकांनी ती पाहिलेलीही नसते. संहितेनुसार स्थायी आदेशांचं प्रकरण 300 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतं. त्याखालच्या ठिकाणी नेमणूकपत्र, करार आणि वर्षानुवर्षांची पद्धत यांवर सगळं येऊन थांबतं.

नेमणूकपत्रात एक वाक्य हमखास असतं: ‘कंपनी ठरवेल त्या पाळीत काम करावे लागेल.’ चालू पाळ्यांमध्ये फिरवायला ते मालकाला पुरेसं आहे. पण कायद्याने सांगितलेली नोटीस त्या वाक्याने माफ होत नाही.

अर्धा तास पुढे-मागे करण्याचं काय? सात ते तीन ऐवजी साडेसहा ते अडीच. तास आठच राहतात. इथे वाद होतो. कोर्ट बदलाचा आकार पाहत नाही, कामगाराचं त्याने काही नुकसान होतं का ते पाहतं. सर्वोच्च न्यायालयापुढे 1972 मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीचं प्रकरण आलं होतं. साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी दुसऱ्या दिवशी नेली होती. सुट्टी एकच राहिली, तास वाढले नाहीत, तरीही नोटीस हवी होती असं न्यायालयाने ठरवलं. नोटिशीचा हेतूच हा की, बदलाचा आपल्यावर काय परिणाम होईल ते कामगाराला पाहता यावं आणि म्हणणं मांडता यावं. त्यामुळे साडेसहाला येणाऱ्याची कंपनीची बस चुकते, तर तेही लिहून द्या. ‘गैरसोय होते’ एवढंच लिहिलेला अर्ज कोणी नीट वाचत नाही.

नोटिशीआधीच अंमल सुरू झाला असेल तर ती निरुपयोगी, हेही पक्कं आहे. नागपूरच्या लोकमत वृत्तपत्राच्या प्रकरणात 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पाहिलं होतं. तिथे प्रश्न जुळारींच्या जागी आलेल्या यंत्रांचा होता, पाळीचा नव्हता, पण तत्त्व तेच: नोटीस बदलाच्या आधी हवी.

मालकाला एक सुटका आहे. अचानक उद्भवलेल्या परिस्थितीत, तक्रार निवारण समितीशी सल्लामसलत करून, स्थायी आदेशांबाहेरही पाळी बदलता येते. ट्रान्सफॉर्मर जळाला, दिवसा वीज नाही, रात्री जनरेटरवर काम चालवायचं आहे, हे समजण्यासारखं. ‘ऑर्डर वाढली’ ही अचानक परिस्थिती ठरत नाही, असं मला वाटतं. वाढ महिनाभर आधी दिसत असते. समितीची बैठक झाली का आणि इतिवृत्त कुठे आहे, हे विचारायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 21 दिवसांत कामगारांनी ‘नाही’ म्हटलं तर बदल थांबतो का? थांबत नाही. मुदत संपली की मालक अंमल करू शकतो. त्याला रोखण्याचं हत्यार दुसरीकडे आहे. युनियनने कामगार आयुक्तालयात वाद उपस्थित केला आणि समेट अधिकाऱ्यापुढे कामकाज सुरू झालं, की त्या वादाच्या विषयाशी जोडलेल्या शर्ती मालकाला लेखी परवानगीशिवाय बदलता येत नाहीत. पण कामकाज नुसतं पत्र पोचल्याने सुरू होत नाही, पहिली बैठक व्हावी लागते. विसाव्या दिवशी पत्र देणाऱ्या युनियनच्या हाती म्हणूनच काही लागत नाही. पत्र पहिल्या चार-पाच दिवसांत जायला हवं. समेट 45 दिवसांत जमला नाही तर पुढे 90 दिवसांच्या आत थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.

दरम्यान नव्या पाळीवर जायचं की नाही? जायचं, हरकत लेखी नोंदवून. जुन्या वेळेला गेटवर येऊन बसलेल्या माणसाला पगार तर मिळत नाहीच, वर आदेश न पाळल्याचं आरोपपत्र हातात पडतं. मग मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि चौकशी त्याच्या वागण्याची होते.

रातपाळीचा एक हिशेब मात्र सगळ्यांनीच करून ठेवावा, गणेशनेही. पाळी मध्यरात्रीच्या पुढे जाते तेव्हा साप्ताहिक सुट्टी पाळी संपल्यापासून सलग 24 तास मोजतात. शनिवारी रात्री 11 ला आत गेलेला रविवारी सकाळी 7 ला बाहेर पडतो. त्याची सुट्टी सोमवारी सकाळी 7 पर्यंत. त्याला रविवारी दुपारी 3 च्या पाळीला बोलावलं तर तक्ता चुकलेला आहे. नव्या फिरत्या तक्त्यांत ही चूक बरेचदा सापडते, कारण तक्ता बनवणारा तारखा पाहतो, तास नाही.

हा सगळा विचार ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी. व्यवस्थापकीय काम करणारे, तसंच महिना 18,000 रुपयांहून जास्त पगार घेणारे सुपरवायझर यात येत नाहीत. त्यांच्याबाबतीत नेमणूकपत्र म्हणेल ते. आणि संमती हा शब्द कायद्यात जिथे खरोखर लिहिलेला आहे ती जागा वेगळीच आहे: रात्री काम करणाऱ्या स्त्रिया. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्याला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि नवी सुरक्षा संहिताही रात्रीच्या कामाला तिची संमती मागते. तिच्याकडून सही घ्यावी लागते, सुरेशकडून नाही.

नोटीस बोर्डावरचा कागद दिसला तर त्याचा फोटो काढून ठेवा, तारखेसकट. पुढच्या सगळ्या दिवसांची मोजणी तिथून सुरू होते.