लादी पुसायला कोणता मॉप?

वन बीएचकेत लादी पुसताना खरा प्रश्न बादलीतल्या पाण्याचा असतो. स्पिन मॉप न वाकता पिळता येतो, पण बहुतेक बादल्यांत तो त्याच गढूळ पाण्यात पुन्हा बुडतो. ओट्याखालचा तेलकटपणा मग हॉलभर पसरतो. लादी वाळल्यावर उजेडात तिरकं पाहिलं की पांढुरके पट्टे दिसतात. म्हणून हॉल आधी, स्वयंपाकघर शेवटी, आणि मध्ये पाणी बदलायचंच. सुती फडका कोपरे छान काढतो, पण हाताने पुरता पिळला जात नाही. लहान घरासाठी माझी पसंती फ्लॅट मॉपला. मायक्रोफायबरचे दोन-तीन पॅड आधीच भिजवून, पिळून ठेवायचे आणि खोलीगणिक बदलायचे. अर्धी बादली पाणी पुरतं, मॉप पलंगाखालीही सरकतो. पॅड धुताना फॅब्रिक सॉफ्टनर मात्र घालू नका. त्याने धागे मळ धरेनासे होतात.