जुन्या लॅपटॉपच्या नावातली एक ओळ

शेजारची मुलगी बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्यासाठी रिफर्बिश्ड लॅपटॉप बघायला बसलो, तेव्हा फोनवर दोन जाहिराती एकाखाली एक आल्या. किंमत जवळजवळ सारखीच. पहिलीचं शीर्षक होतं: ‘प्रीमियम बिझनेस लॅपटॉप, i7, १६ जीबी, ५१२, लाइक न्यू, वॉरंटीसह’. दुसरीचं शीर्षक लांबलचक आणि रुक्ष होतं: ‘रिफर्बिश्ड एचपी एलिटबुक 840 G5, ग्रेड बी, i5-8350U, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, विक्रेत्याची ६ महिने वॉरंटी, बॅटरी वगळून’. मुलीचं बोट साहजिकच पहिल्यावर गेलं. आय-सेव्हन आय-फाइव्हपेक्षा मोठा, पाचशे बारा दोनशे छप्पनपेक्षा जास्त, आणि ‘लाइक न्यू’ तर ‘ग्रेड बी’पेक्षा कधीही बरं.

पहिल्या विक्रेत्याला मी एकच गोष्ट विचारली: प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक काय? दोनदा विचारल्यावर उत्तर आलं, i7-6600U. मशीन त्याच एलिटबुक मालिकेतलं, पण 840 G3.

खरा फरक या क्रमांकातच आहे. i5, i7 ही नुसती घराण्याची नावं. पिढी कळते ती पुढच्या आकड्यांवरून. 6600 मधला पहिला ६ म्हणजे सहावी पिढी, 8350 मधला ८ म्हणजे आठवी. चार आकडे १० किंवा ११ ने सुरू होत असतील, जसं 1135G7, तर ती दहावी किंवा अकरावी पिढी. शेवटचं U हे अक्षर सांगतं की हा कमी वीज खाणारा, पातळ लॅपटॉपसाठी केलेला प्रोसेसर आहे. सहाव्या पिढीतला हा i7, २०१५ सालचा, आत दोनच कोअर घेऊन येतो. २०१७ सालच्या i5-8350U मध्ये चार आहेत. म्हणजे एकाच वेळी ब्राउझर, प्रोग्रॅम लिहायची खिडकी आणि व्हिडिओ कॉल चालू असताना ‘लहान’ वाटणारा i5 त्या i7 ला मागे टाकतो.

दुसरी बाब त्याहून महत्त्वाची. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलच्या प्रोसेसरची जी यादी ठरवली, ती काही मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून सुरू होते. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सहाव्या पिढीच्या मशीनवर विंडोज ११ आडमार्गाने चढवता येतं, आणि काही जण तसं चढवूनच विकतात. पण मायक्रोसॉफ्ट त्याची हमी घेत नाही. शीर्षकात नुसतं ‘i7’ लिहिलं की हे सगळं झाकलं जातं. त्यात खोटं काही नाही, पण घेणाऱ्याला जे कळायला हवं तेच नेमकं गाळलेलं असतं. मी याला प्रामाणिक शीर्षक म्हणणार नाही.

मेमरीचंही तसंच. ‘१६ जीबी, ५१२’ असं लिहिलं की त्यातली रॅम कुठली आणि साठवण कुठली, हे वाचणाऱ्याने ताडायचं. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा, एसएसडी म्हणजे फडताळ. फडताळ कितीही मोठं असलं तरी ओटा अरुंद असेल तर एका वेळी एकच भाजी चिरता येते. वर ते ५१२ एसएसडीचे की जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचे, हेही सांगायला हवं. हार्ड डिस्क असेल तर चांगला प्रोसेसरही सुरू व्हायला ताटकळत राहतो. आम्ही चौकशी केली, तर पहिल्या जाहिरातीतले ५१२ हार्ड डिस्कचेही नव्हते. २५६ ची एसएसडी, आणि वर २५६ चा पेन ड्राइव्ह ‘मोफत’.

आता ग्रेड. ए, बी, सी या अक्षरांचं बाजारात सर्वमान्य असं एकच मोजमाप नाही. प्रत्येक विक्रेता आपापलं ठरवतो, आणि बहुतेक वेळा ती अक्षरं रंगरूपापुरती असतात, आतल्या तब्येतीची नसतात. म्हणून नुसत्या ‘ग्रेड बी’ला अर्थ नाही. दुसऱ्या विक्रेत्याने वर्णनात लिहिलं होतं: झाकणावर दोन ओरखडे, डावा कोपरा घासलेला, स्पेसबार आणि ‘E’चं बटण वापराने चकाकलेलं, स्क्रीनवर डाग नाही. प्रत्यक्ष बघायला गेलो तेव्हा मशीन अगदी तसंच निघालं. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडून प्रकाश पूर्ण वाढवला, कडेला कुठे पांढरट ठिपके दिसतात का ते पाहिलं. कंपन्यांतून लॉटने आलेल्या मशीनमध्ये बॅगेत दाब बसून असे ठिपके पडतात, आणि फोटोत ते कधीच दिसत नाहीत.

ग्रेड जिचं काहीच सांगत नाही ती बॅटरी. तिची तब्येत मशीन स्वतःच सांगतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढं टाइप करायचं:

```
powercfg /batteryreport
```

एक अहवाल तयार होतो आणि तो कुठे ठेवला ते तिथेच लिहून येतं. त्यात `DESIGN CAPACITY` म्हणजे नवी असतानाची क्षमता आणि `FULL CHARGE CAPACITY` म्हणजे आजची. आमच्या मशीनमध्ये आजचा आकडा मूळच्या साधारण सत्तर टक्के होता. म्हणजे कॉलेजात चार्जर सोबत न्यावा लागणार. विक्रेत्याने ‘बॅटरी वगळून’ हे शब्द शीर्षकातच का घातले, ते इथे कळलं. बॅटरी ही झिजणारी वस्तू, तिची हमी तो देऊ शकत नव्हता, आणि त्याने ते लपवलं नाही.

‘वॉरंटीसह’ या शब्दापुढे तीन प्रश्न उभे राहतात: कोणाची, किती दिवसांची, कशाकशाची? इतक्या जुन्या मशीनची मूळ कंपनीची वॉरंटी सहसा कधीच संपलेली असते, म्हणून उरते ती विक्रेत्याची. पहिल्या जाहिरातीतली वॉरंटी विचारल्यावर सात दिवसांची ‘चेकिंग वॉरंटी’ निघाली. चालू होतं की नाही ते बघा, एवढाच तिचा अर्थ. दुसऱ्याने सहा महिन्यांत मदरबोर्ड, स्क्रीन, कीबोर्ड यांची दुरुस्ती कबूल केली होती. मशीन दुकानात आणून द्यायचं ते आपण. हेही त्याने आधीच सांगितलं.

यात कायदाही तुमच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधल्या अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत वस्तूचा दर्जा, ग्रेड किंवा मॉडेल खोटं सांगणं स्पष्टपणे येतं. दुरुस्त केलेली वा जुनी वस्तू नवी म्हणून विकणंही येतं. पण तक्रार करायची तर दावा काय केला होता ते दाखवता आलं पाहिजे. जाहिराती बदलतात, काढूनही टाकल्या जातात. म्हणून पैसे देण्यापूर्वी शीर्षकाचा स्क्रीनशॉट काढा. बिलावर मॉडेल, प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅम, एसएसडी, वॉरंटीची मुदत आणि मशीनचा सिरियल नंबर लिहून घ्या. तो नंबर लॅपटॉपच्या खालच्या बाजूला असतो, बिलावरच्याशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक सांगायला जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याच्याकडून लॅपटॉप घेऊ नका.