नऊशे आणि साडेसहाशे

फेब्रुवारी 2023 मध्ये ट्विटरने भारतात ‘ब्लू’ वर्गणी सुरू केली, तेव्हा एकाच सेवेचे दोन दर होते. मोबाइल अ‍ॅपमधून घेतली तर महिन्याला 900 रुपये, वेबसाइटवरून घेतली तर 650. मग वरचे अडीचशे कुणाच्या खिशात?

हिशेब मांडून पाहू. दोन्ही दरांत 18 टक्के जीएसटी धरलेला आहे असं समजा. 900 मधून कर गेला की उरतात 763. आयफोनवर अ‍ॅप स्टोअर त्यातले 30 टक्के, म्हणजे 229 रुपये कापून घेतं. कंपनीच्या हाती 534. वेबसाइटवर 650 मधून कर गेला की 551, आणि पेमेंट गेटवेचे साधारण दोन टक्के व त्यावरचा कर मिळून पंधरा रुपये. हाती 536. थोडक्यात, कंपनीला दोन्हीकडे तेवढंच मिळतं. वरचे पैसे स्टोअर आणि सरकार यांच्यात वाटले जातात.

अँड्रॉइडवर मात्र गंमत आहे. 2022 पासून गूगल वर्गणीवर 15 टक्केच घेतं, तरी दर तिथेही 900 होता. म्हणजे कंपनीच्या हाती 648. हे जास्तीचे शंभरएक रुपये कमिशनच्या नावावर खपवता येणार नाहीत. अ‍ॅपलही एकाच गिऱ्हाइकाची वर्षभर वर्गणी भरून झाली की 15 टक्क्यांवर येतं, पण मध्ये साठ दिवसांहून मोठा खंड पडला तर ते वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजलं जातं. वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्या छोट्या विकासकांना, त्यांनी नाव नोंदवलं असेल तर, पहिल्या दिवसापासूनच 15 टक्के लागतात.

मग सगळेच वेबसाइटवर का जात नाहीत? दर दोन्हीकडे 650 च ठेवला, तर आयफोनवरच्या एका गिऱ्हाइकामागे 386 रुपये हाती येतात, वेबवर 536. फरक मोठा दिसतो. पण अ‍ॅपमध्ये बोट टेकवलं की काम झालं. वेबवर लॉगिन, कार्ड नंबर, ओटीपी. अ‍ॅपमध्ये शंभर जणांनी पैसे भरले असते, त्यांतल्या 72 जणांनी वेबवर भरले तरच दोन्ही रकमा सारख्या होतात. 28 पेक्षा जास्त जण वाटेत गळले, तर 30 टक्के देणंच स्वस्त पडलं म्हणायचं. त्यामुळे दर गिऱ्हाइकामागची रक्कम एकटीच पाहणारा फसतो. अ‍ॅपच्या पडद्यावरून निघालेल्यांपैकी पैसे भरून किती जण बाहेर पडले, हेही सोबत मोजावं लागतं.

तुम्ही गिऱ्हाईक असाल, तर अ‍ॅपमध्ये पैसे भरण्याआधी ब्राउझरमध्ये तोच दर एकदा बघा. आणि अ‍ॅपमधून घेतलेली वर्गणी बंद करायची असेल, तर अ‍ॅप काढून टाकल्याने ती थांबत नाही; स्टोअरच्या खात्यात जाऊनच रद्द करावी लागते.