मिक्सरची जळालेली मोटर आणि तक्रारपत्राची भाषा

वॉरंटीच्या मुदतीत मिक्सरची मोटर जळाल्यावर ग्राहकाला बहुधा 'ओव्हरलोडमुळे मोटर गेली, हे वॉरंटीत बसत नाही' असे उत्तर मिळते, आणि म्हणूनच निर्मात्याला लिहिल्या जाणाऱ्या तक्रारपत्राचे खरे काम संताप व्यक्त करणे हे नसून, मोटर वापरामुळे जळाली की मूळ दोषामुळे, या प्रश्नाचा पुरावा वेळीच नोंदवून ठेवणे हे असते.

या पुराव्याची सुरुवात मिक्सरच्या तळाशी असलेल्या लाल बटणापासून होते. हे बटण म्हणजे ओव्हरलोड प्रोटेक्टर, म्हणजेच भांड्यात जास्त जिन्नस भरल्याने किंवा पाते अडकल्याने मोटर प्रमाणाबाहेर वीज ओढू लागली की पुरवठा तोडणारी कळ होय. ते न उडताच मोटर जळाली असेल, तर कळ निकामी असण्याची किंवा तारांच्या वेढ्यांमधील इन्सुलेशन, म्हणजे तारेवरील विद्युतरोधक लेप, एखाद्या ठिकाणी आधीच सदोष असण्याची शक्यता बळावते. मात्र मोटरला विश्रांती न देता वारंवार वापरल्यानेही हा लेप हळूहळू करपतो, त्यामुळे बटणाची स्थिती हा महत्त्वाचा संकेत असला, तरी निर्णायक पुरावा नव्हे.

उदाहरणार्थ, 2 वर्षांची वॉरंटी असलेला 750 वॉटचा मिक्सर चौदाव्या महिन्यात बंद पडला असे धरल्यास, पत्रात बिलाचा क्रमांक, खरेदीची तारीख, मॉडेल व अनुक्रमांक यांच्यापाठोपाठ असा मजकूर असावा: 'लहान भांड्यात अर्ध्यापर्यंत ओले खोबरे व पाणी घालून वाटण करताना, सुमारे 2 मिनिटांनी जळका वास व धूर येऊन मोटर थांबली, लाल बटण उडालेले नव्हते, वापर घरगुती होता.' यानंतर मोटर उघडून तपासण्याची आणि तपासणीचा निष्कर्ष कारणासह लेखी देण्याची मागणी करावी, कारण आर्मेचरचे, म्हणजे फिरणाऱ्या भागाचे, सर्व वेढे सारखेच काळवंडलेले असल्यास ते अतिभाराचे लक्षण मानले जाते, तर एखादाच वेढा जळालेला असल्यास त्या ठिकाणच्या दोषाचा संशय येतो. ही तपासणी होईपर्यंत यंत्र बाहेरच्या कारागिराकडून उघडून घेतल्यास पुरावा आणि वॉरंटी दोन्ही गमावण्याचा धोका असतो.

शेवटी दुरुस्ती, बदली यंत्र किंवा परतावा यांपैकी नेमकी मागणी आणि उत्तरासाठी 15 दिवसांसारखी मुदत नमूद करून पत्र स्पीड पोस्टाने व ईमेलनेही पाठवावे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार तक्रारीचे कारण उद्भवल्यापासून 2 वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे, ग्राहक राहत असलेल्या जिल्ह्यातही, दाद मागता येते आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. तेथे हेच पत्र, त्याची पोहोच आणि कंपनीचे लेखी उत्तर, किंवा उत्तराचा अभाव, ग्राहकाच्या बाजूचे मुख्य कागद ठरतात.